डच मैत्रीण लायसन्सची परीक्षा पास झाली, तर तिला काय लिहायचं?

प्रश्न: ताई, माझ्या ऑफिसातली डच मैत्रीण काल ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली, तिसऱ्या खेपेला. दुकानातून एक कार्ड आणलंय, पण त्यावर छापलेलं वाक्य फार सरकारी वाटतंय. मला व्हॉट्सअ‍ॅपवर डचमधूनच, आपण मैत्रिणीला लिहितो तसं मोकळं काहीतरी पाठवायचंय. आणि सोमवारी ती समोर आली की तोंडाने काय म्हणू?

उत्तर: आधी हे पाठवून टाक. डच लोकांत अशी बातमी कळल्यावर दोन दिवसांनी आलेलं अभिनंदन जरा शिळंच वाटतं. बाकीचं नंतर वाच.

```
Jaaa, geslaagd!! 🎉
Gefeliciteerd met je rijbewijs, topper!
Driemaal is scheepsrecht 😉
Waar blijft de taart?
```

उच्चार साधारण असा: ‘या, खस्लाख्त! खफेलिसितेर्त मेत य रेइबवेइस, तोपर! द्रीमाल इस स्खेप्सरेख्त. वार ब्लेइफ्त द तार्त?’ अर्थ: ‘येस, पास! लायसन्सबद्दल अभिनंदन, भारीच तू! तिसऱ्यांदा काम फत्ते होतंच. केक कुठाय?’

आता तुझ्या कार्डाबद्दल. त्यावर बहुधा ‘हार्तलक खफेलिसितेर्त मेत हेत बहालन फान उव रेइबवेइस’ असं काहीतरी असणार. व्याकरणात काही चूक नाही. पण मराठीत सांगायचं तर ते ‘वाहनचालक परवाना संपादन केल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन’ असं आहे. ‘बहालन’ म्हणजे संपादन करणे, मिळवणे, तेही जरा उंच आवाजात. बोलताना डच माणूस साधं ‘हालन’ म्हणतो, जसं आपण ‘लायसन्स काढलं’ म्हणतो, संपादन केलं म्हणत नाही. आणि ‘उव’ म्हणजे ‘आपलं’. मैत्रिणीला ‘य’, म्हणजे ‘तुझं’. जिच्याबरोबर तू रोज जेवतेस तिला अचानक ‘उव’ लिहिलंस तर तिला वाटेल काहीतरी बिनसलंय.

परीक्षेचे त्यांचे रोजच्या वापरातले शब्दही कानावर पडू देत, म्हणजे ती काय सांगतेय ते कळेल. प्रात्यक्षिक परीक्षा द्यायला जाणं म्हणजे ‘आफ्रेइदन’. ‘मोर्खन मूत इक आफ्रेइदन’ असं कोणी म्हणालं की उद्या त्या माणसाच्या पोटात गोळा येणार आहे असं समजायचं. पास होणं म्हणजे ‘स्लाखन’, त्यातूनच ‘खस्लाख्त’. नापास होणं म्हणजे ‘झाकन’, शब्दशः खाली जाणं, बसणं. आपण ‘आपटलो’ म्हणतो तसंच. परीक्षा घेते ती संस्था म्हणजे सीबीआर. तुझ्या मैत्रिणीने ‘सेबेएर’ म्हणत डोळे फिरवले तर तेवढ्यात सगळं आलं. निकाल तिथल्या तिथे, गाडीतून उतरून टेबलाशी बसल्यावर परीक्षक सांगतो, त्यामुळे लोक बातमीही तिथूनच, पार्किंगमधून पाठवतात. एका शब्दात: ‘GESLAAGD’, सगळी अक्षरं मोठी. अशा मेसेजला उत्तरही तेवढंच लहान आणि तेवढ्याच आवाजात असावं लागतं.

मराठी माणसाची सर्वात जास्त चूक होते ती मधल्या एका छोट्या शब्दात, ‘मेत’. आपण ‘लायसन्सबद्दल अभिनंदन’ म्हणतो, इंग्रजीत दुसराच शब्द येतो, आणि या दोन्हींच्या कात्रीत सापडून लोक ‘खफेलिसितेर्त फोर य रेइबवेइस’ लिहितात. अर्थ पोचतो, पण डच कानाला ते खड्ड्यातून गाडी गेल्यासारखं वाटतं. डचमध्ये अभिनंदन नेहमी एखाद्या गोष्टी‘सह’ असतं, कारण ‘मेत’ म्हणजे ‘बरोबर, सह’. लायसन्ससह अभिनंदन, वाढदिवसासह अभिनंदन, नव्या घरासह अभिनंदन.

आणि त्यात एक गंमत दडलीये, जी इथे नवीन आलेल्या कोणालाही आधी कळत नाही. माझ्या शेजारणीची मुलगी अठरा वर्षांची होऊन लगेच लायसन्सची परीक्षा पास झाली, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. मुलीला हात दिला, अभिनंदन केलं आणि खुर्चीत बसले. घरात आलेली बाकी मंडळी मात्र गोल करून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसायच्या आधी आईकडे जात, वडिलांकडे जात, आजोबांकडेही जात, आणि प्रत्येकाला म्हणत होती, ‘खफेलिसितेर्त मेत य दोख्तर!’ मुलीसह अभिनंदन. आजोबांना ‘मेत य क्लेइनदोख्तर’, नातीसह. मी एकटीच चहाचा कप हातात धरून बसले होते आणि शेजारीण माझ्याकडे जरा थांबून बघत होती. नंतर उठून मीही तिला तेच म्हटलं, तेव्हा ती खुलली. वाढदिवसाला तर हे चालतंच, पण परीक्षा, लायसन्स, बाळ, यांनाही चालतं. तुझ्या मैत्रिणीची बहीण तुला भेटली, तर तिला ‘खफेलिसितेर्त मेत य झुस’ (बहिणीसह अभिनंदन) म्हणून टाक. आपल्या मुलाच्या यशाला शेजाऱ्यांनी आईवडिलांचं अभिनंदन करणं आपल्याकडेही असतंच, पण डच घरात ते आजोबांपर्यंत, पाहुण्यांच्या रांगेत, जणू हजेरीपटासारखं होतं.

आता तिसऱ्या ओळीकडे ये, कारण तुझ्या प्रश्नातला सगळा रस तिथे आहे. ‘द्रीमाल इस स्खेप्सरेख्त’ शब्दशः ‘तीनदा म्हणजे जहाजाचा कायदा’. तिसऱ्या प्रयत्नात काम जमलं की डच माणूस हे वाक्य जवळजवळ प्रतिक्षिप्तपणे म्हणतो. यात टोमणा नाही. ‘तिसऱ्यांदा तर व्हायचंच होतं, तसा नियमच आहे’ असा भाव आहे. म्हणून तिसऱ्या खेपेला पास झालेल्या माणसाला ते लागत नाही, उलट हसू येतं, कारण नापास झालेल्या दोन खेपा त्यात आपोआप माफ होतात. पण ते नेमकं तिसऱ्याच वेळेला वापरायचं. दुसऱ्या प्रयत्नाला म्हटलं तर हिशेब चुकतो, पाचव्याला म्हटलं तर ती तुला गणित शिकवेल. चार-पाच खेपा झाल्या असतील तर ‘द आनहाउदर विन्त’ म्हणतात: चिकटून राहणारा जिंकतो.

टाळायचा शब्द म्हणजे ‘एइन्दलक’, ‘शेवटी एकदाची!’. तिने स्वतः ‘एइन्दलक!’ लिहिलं तर तू त्यावर हसू शकतेस. तुझ्या तोंडून आधी आला तर तो टोचतो. तसंच पहिल्या खेपेतच पास झालेल्या माणसाला सांगायची ‘इन एन केर!’ (एकाच फटक्यात!) ही शाबासकी. डच लोक एकमेकांना ‘इन एन केर?’ असं सरळ विचारतातही, आणि ज्याने विचारलं त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तू मात्र विचारायच्या फंदात पडू नको. पहिल्या प्रयत्नात पास होणारे इथे साधारण निम्मेच असतात, म्हणजे दुसऱ्या अर्ध्यांना हा प्रश्न विचारला की उत्तर जड जातं. मला जड गेलं होतं. मी पुण्यात दहा वर्षं गाडी चालवली होती, हॉर्न वाजवून. इथे पहिल्या परीक्षेत उजवीकडे वळताना आरशात बघितलं, पण खांद्यावरून मागे वळून बघितलं नाही. त्या आंधळ्या कोपऱ्यात, ज्याला ते ‘दोद हुक’ म्हणजे मेलेला कोपरा म्हणतात, एक सायकलवाली आजी होती. परीक्षकाने ब्रेक दाबला आणि माझा निकाल तिथेच लागला. त्यानंतर ऑफिसात एकाने ‘इन एन केर?’ विचारलं, तेव्हा मी कॉफीचं मशीन बिघडलंय का ते बघायला गेले होते.

चेष्टेचं म्हणशील तर डच मैत्रीत अभिनंदनाचा गोडवा चेष्टेतूनच येतो. ‘किती अभिमान वाटतो तुझा, तू खरंच असामान्य आहेस’ असं चार ओळी लिहिलंस तर तिला अवघडल्यासारखं होईल. ‘इक बेन त्रोत्स ओप य’, मला तुझा अभिमान वाटतो, हे चालतं, पण एकदाच, आणि खरंच जवळची असेल तरच. त्याऐवजी तिच्या हातात स्टीयरिंग आल्यावर आपलं काय होणार याची खोटी भीती दाखवायची. माझी आवडती ओळ अशी:

```
Ik blijf voorlopig wel van de weg af 😉
```

‘इक ब्लेइफ फोरलोपख वेल फान द वेख आफ’: मी सध्या रस्त्यापासून लांबच राहते हं. आणि दुसरी, पावसाळी देशातली खरी दिलासा देणारी:

```
Nooit meer door de regen fietsen!
```

‘नोइत मेर दोर द रेखन फित्सन’: आता पावसातून सायकल हाणणं बंद! ही कोणालाही चालते, सासूलाही. ‘बायका आणि गाडी’ या जुन्या विनोदाच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. तो मीही ऐकलाय, तिनेही ऐकलाय, आणि दोघींनाही हसू आलेलं नाही.

‘नू बेन येइ द बोब’ हाही चांगला चिमटा: ‘आता बॉब तूच!’ बॉब म्हणजे पार्टीत न पिणारा, सगळ्यांना घरी सोडणारा. बेल्जियममध्ये १९९५ साली दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या मोहिमेतून हे नाव निघालं आणि पुढे नेदरलँड्समध्ये इतकं रुळलं की आता तो साधा शब्दच झालाय. नव्या लायसन्सवाल्याला तो खास लागू पडतो, कारण सुरुवातीची पाच वर्षं त्याच्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रोमिल, म्हणजे हजारात ०.२ भाग असते, जुन्या चालकांसाठी ०.५. म्हणजे नव्याने एक ग्लासही घेऊन गाडीत बसणं जोखमीचंच. तिच्या पुढच्या पार्ट्यांचं भविष्य तू एका वाक्यात सांगून टाकतेस.

मात्र ज्या दिवशी ती पास झाली त्याच दिवशी ‘सांभाळून गाडी चालव’ असं लिहू नको. भाव चांगला असला तरी ती अजून एकटी गाडी चालवूच शकत नाही. परीक्षा पास झाल्यावर लायसन्ससाठी नगरपालिकेत, म्हणजे ‘खमेन्त’मध्ये अर्ज करावा लागतो, फोटो द्यावा लागतो, आणि काही दिवसांनी कार्ड हातात आल्यावरच रस्त्यावर यायचं. तोवर पास झालेली, पण पायीच. म्हणून आठवड्याभराने तू दुसरा मेसेज टाकलास तर तो पहिल्यापेक्षाही जास्त आवडेल, कारण सगळ्यांचे अभिनंदनाचे मेसेज पहिल्या दिवशी येऊन संपलेले असतात:

```
Heb je je roze pasje al?
Wanneer gaan we een rondje rijden?
```

‘हेप य य रोझ पास्य आल? वानेर खान व एन रोन्त्य रेइदन?’ तुझं गुलाबी कार्ड आलं का? एक चक्कर मारायला कधी जायचं? पूर्वी इथलं लायसन्स म्हणजे घडीचा गुलाबी कागद असायचा, ‘रोझ पापीर्त्य’. २००६ पासून ते बँकेच्या कार्डाएवढं झालं, पण गुलाबीच राहिलं. आणि ‘रोन्त्य’ मधला तो शेवटचा ‘त्य’ विसरू नको. डच भाषेत कुठलीही गोष्ट लहान आणि लाडाची करायची तर असा छोटा शेपूट लावतात. ‘रोन्दे’ म्हटलं तर सायकलींच्या शर्यतीची फेरी वाटते, ‘रोन्त्य’ म्हटलं की मोकळी चक्कर.

सोमवारी समोर आली की काय? लांबलचक काही नाही. डोळे मोठे करून ‘हे, खफेलिसितेर्त हे!’ पहिला ‘हे’ हाक मारण्यासाठी, शेवटचा आखूड, ‘हं’सारखा. ‘ख’ हा आपल्या खडीसाखरेचा ख नाही. घसा खाकरताना जो आवाज निघतो तो, आणि अ‍ॅमस्टरडॅमकडे तो जास्तच खरखरीत. ब्राबांत-लिम्बुर्खकडे, दक्षिणेत, तो मऊ होतो, आणि तिकडची असेल तर ती स्वतः ‘प्रोफिसियात’ हा शब्दही वापरत असेल, तो तू खुशाल उचल. जोर शेवटच्या ‘तेर्त’वर द्यायचा. लिहिताना शेवटी d असला तरी बोलताना त.

त्याला जोडून एक छोटं काहीतरी: ‘क्नाप होर!’ म्हणजे ‘छान केलंस गं!’, क उच्चारायचा, गिळायचा नाही. किंवा ‘झी य वेल!’, म्हणजे ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ यातला ‘झी’ आपल्या झी मराठीतलाच. आदल्या आठवड्यात ती तुझ्याजवळ रडली असेल, ‘मला काही जमणार नाही’ म्हणाली असेल, तर याहून गोड वाक्य डचमध्ये नाही, कारण त्यात तू तिच्या बाजूने पैज लावली होतीस हे येतं. तुझ्याशी ती आधी काही बोललीच नसेल, तर ‘झी य वेल’ रिकामं वाजतं, त्यापेक्षा ‘क्नाप होर’ बरं. ‘होर’चा सूर मात्र वर गेला पाहिजे. सपाट, खाली जाणारा ‘होर’ म्हणजे ‘बरं बरं, कळलं’.

कोणी तुला ‘खफेलिसिफ्लाप्स्तार्त’ असा अजब शब्द पाठवला तर गोंधळू नको. तो अभिनंदनाच्या शब्दाला मुद्दाम वाकडी शेपूट लावून केलेला पोरकट विनोद आहे. काही जणांना तो आवडतो, काही जण ऐकताच कपाळाला हात लावतात. तुझ्या मैत्रिणीने आधी कधी वापरला असेल तरच तू वापर.

गालावर तीनदा पापी देण्याची पद्धत पूर्वी अशा प्रसंगी सर्रास होती. करोनाच्या साथीनंतर बऱ्याच जणांनी ती सोडली. तू पुढे होऊ नको, तिला होऊ दे. तिने हात पुढे केला तर हात, मिठी मारली तर मिठी.

केकचं राहिलं. ‘वार ब्लेइफ्त द तार्त?’ हा शेवटचा प्रश्न म्हणजे आपल्या ‘पेढे कुठेत?’ची सख्खी बहीण. मला या देशात सर्वात आधी घरचं वाटलेलं हेच: ज्याची आनंदाची बातमी, त्यानेच इतरांना खिलवायचं. त्याला ते ‘त्राक्तेरन’ म्हणतात. म्हणून आपण हौसेने मैत्रिणीसाठी केक घेऊन गेलो तर ती खूश होते, पण जरा बुचकळ्यातही पडते, कारण केक आणायची पाळी तिची असते. माझ्या एका विद्यार्थिनीने असाच मोठा केक नेला, आणि मैत्रिणीनेही आणलेला. ऑफिसच्या पँट्रीत दोन केक, खाणारी माणसं सात. तू न्यायचंच असेल तर घरचे दोन बेसनाचे लाडू ने, डबीतून, फक्त तिच्यासाठी. तिने केक कापला, तुला तुकडा दिला, की घास घेण्याआधी म्हणायचं ‘नोख्माल्स खफेलिसितेर्त!’, पुन्हा एकदा अभिनंदन. पहिल्या दिवशी मेसेज केलेला असताना समोर पुन्हा अभिनंदन करायची वेळ येतेच, आणि हा ‘नोख्माल्स’ नेमका त्या वेळेसाठीच आहे. न म्हणता नुसता केक खाल्लास तर तिला वाटेल तू मेसेज केलाच नव्हतास.

आणि ते आणलेलं कार्ड फेकू नको. डच लोक कार्डं जपतात, दिवाणखान्यात दोरीवर टांगून ठेवतात. छापलेलं वाक्य आहे तसंच राहू दे, त्याखाली निळ्या पेनने स्वतःच्या हाताने एवढंच लिही, खाली तुझं नाव, आणि दोन-तीन फुल्या. त्या फुल्या म्हणजे त्यांच्या पाप्या:

```
Pff, wat een deftige kaart!
Gewoon: lekker bezig! xxx
```

‘पफ, वात एन देफ्तख कार्त! खवोन: लेकर बेझख!’ म्हणजे ‘बाप रे, काय हे भारदस्त कार्ड! साध्या शब्दांत: जबरदस्त चाललंय तुझं!’ ‘लेकर’ म्हणजे खरं तर चविष्ट, पण डच माणूस तो शब्द झोपेला, हवेला, कामाला, कशालाही लावतो. कार्डाची चेष्टा केलीस की छापलेलं ‘उव’ही आपोआप विनोदात जमा होतं.